पाच किलो भरडा आणि कोठीपोटातील एक रात्र

प्रश्न: माझी एचएफ संकरित गाय दुसऱ्या वेताची आहे, व्यायला दहा दिवस झाले. दिवसाला १६ लिटर दूध होते. आतापर्यंत ३ किलो गोळी पेंड देत होतो. दूध वाढावे म्हणून रविवारी संध्याकाळी ५ किलो मक्याचा बारीक भरडा एकदम दिला. सोमवारी सकाळी गायीने चारा सोडला, रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबट वासाचे, दूध ४ लिटरवर आले. डॉक्टरांनी ॲसिडोसिस सांगून पोटात नळीने औषध सोडले आणि सलाइन लावल्या. आज चौथा दिवस आहे, थोडा कडबा खाते. शेजाऱ्याच्या गायी रोज एवढाच भरडा खातात, त्यांना काही होत नाही. मग माझ्याच गायीला का झाले? भरडा पुन्हा कधी द्यावा, आणि रोज सोडा दिला तर चालेल का?

उत्तर: आधी आजच्या दिवसाचे सांगतो, कारण चौथा दिवस फसवा असतो. ॲसिडोसिस म्हणजे कोठीपोटात, गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, आम्ल साचण्याचा आजार. त्यातून उठलेली काही जनावरे दोन दिवस बरी वाटतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा ढासळतात. आम्लाने कोठीपोटाचे आतले अस्तर भाजल्यासारखे होते, आणि त्या जखमांतून जिवाणू किंवा बुरशी आत शिरली की हा दुसरा फटका बसतो. म्हणून पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप पाहा, आणि ताप चढला, खाणे पुन्हा सुटले किंवा गाय कण्हू लागली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. तोवर तिला चांगला कडबा किंवा वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी द्या. भरडा, गूळ, शिळी भाकरी, ताकद यावी म्हणून कोणी सुचवलेली लापशी, यातले काहीही देऊ नका.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. माणसाच्या जठरासारखे पाचक रस सोडणारे पोट हे चौथे असते. पहिले आणि सर्वांत मोठे ते कोठीपोट, म्हणजे रुमेन. आपल्या गायीएवढ्या जनावरात ते शंभर लिटरच्या पुढे माल धरते आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापते. या कोठीपोटात गाय स्वतःचा एक थेंबही पाचक रस सोडत नाही. तेथे जे काही पचते ते जिवाणू, प्रोटोझोआ आणि काही बुरशी पचवतात. तेथील द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू असतात. कडब्यातील तंतू फोडण्याची रसायने गायीच्या शरीरात तयारच होत नाहीत. म्हणून मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो की आपण गव्हाणीत टाकतो ते आधी या वस्तीचे जेवण असते, आणि या वस्तीच्या जेवणातून जे उरते व जे बनते त्यावर गाय जगते.

ही वस्ती चारा आंबवते तेव्हा ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक अशी तीन प्रमुख आम्ले तयार होतात. ही आम्ले म्हणजे गायीचे खरे अन्न आहे. तिला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग त्यांतूनच मिळतो आणि दुधातील फॅट घडवण्यात ॲसिटिक आम्लाचा मोठा वाटा असतो. म्हणजे कोठीपोटात आम्ल बनणे हा आजार नाही, ते रात्रंदिवस चाललेले नेहमीचे काम आहे. आजार कधी होतो, हे समजायचे असेल तर आम्ल बनण्याचा वेग आणि ते हटण्याचा वेग या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. विहिरीत झरा किती येतो आणि मोटर किती उपसते, यावर पाण्याची पातळी ठरते, तसाच हा हिशेब आहे. या पातळीचे माप म्हणजे सामू. सामू जितका कमी तितके आम्ल जास्त. निरोगी कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान राहतो.

आम्ल हटवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कोठीपोटाच्या भिंतीचा. तिच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे छोटे उंचवटे असतात. ते आम्ले शोषून रक्तात देतात. दुसरा मार्ग लाळेचा, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. भरपूर चारा खाणारी मोठी दुभती गाय दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहून अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेच्या प्रत्येक लिटरमध्ये आपल्या खाण्याच्या सोड्याइतके काम करणारा क्षार सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे गाय स्वतःच रोज एक किलोच्या वर सोडा कोठीपोटात ओतत असते. पण ही लाळ सुटते ती चावल्यामुळे आणि रवंथ केल्यामुळे. लांब तंतूचा चारा कोठीपोटात वर तरंगणाऱ्या गादीसारखा जमतो, त्याची टोके भिंतीला टोचतात, त्यातून घास परत तोंडात येतो आणि गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. भरडा टोचत नाही, चावावाही लागत नाही. पाटीभर भरडा गाय दहा-पंधरा मिनिटांत संपवते आणि त्याबरोबर जाणारी लाळ चाऱ्याच्या मानाने फारच थोडी असते. कडब्याची कुट्टी पिठासारखी बारीक केली तर तिचेही तेच होते, म्हणून कुट्टी एक इंचाच्या आसपास ठेवावी असे माझे मत आहे. वैरण वाया जाऊ नये म्हणून यंत्राची पाती घट्ट करत नेणारे अनेक जण नकळत गायीची लाळ कमी करत असतात.

आता रविवारच्या रात्री काय झाले ते पाहू. मक्याच्या दाण्याचा सुमारे ७० टक्के भाग स्टार्च असतो, म्हणजे ५ किलो भरड्यातून साधारण साडेतीन किलो स्टार्च एका बैठकीत कोठीपोटात उतरला. कडब्यातील तंतू आंबायला दीड-दोन दिवस लागतात, त्यातून आम्ल झिरपत झिरपत येते. स्टार्च, त्यातही बारीक दळलेला, काही तासांतच आंबून जातो, कारण जितका कण लहान तितकी जिवाणूंना चिकटायला जागा जास्त.

पहिल्या दोन-तीन तासांत नेहमीचीच आम्ले नेहमीपेक्षा वेगाने बनली असतील आणि सामू ६ च्या खाली सरकू लागला असेल. इथपर्यंत काही बिघडत नाही. प्रत्येक खुराकानंतर सामू थोडा उतरतो आणि रवंथ झाली की चढतो. पुढे मात्र स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा जिवाणू पुढे आला. तो प्रत्येक गायीच्या पोटात थोड्या संख्येने असतोच, परंतु स्टार्च मुबलक मिळाला की अर्ध्या तासाच्या आत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. रात्री आठ वाजता एक असेल तर मध्यरात्रीपर्यंत दोनशे-अडीचशे होतात, असा तो वेग आहे. सामू साडेपाचच्या जवळ आला की हा जिवाणू आपली तऱ्हा बदलतो आणि मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवू लागतो. दह्याला आंबटपणा देणारे हेच आम्ल, पण कोठीपोटातील नेहमीच्या आम्लांपेक्षा ते सुमारे दहापट तीव्र असते.

लॅक्टिक आम्ल खाऊन त्याचे सौम्य आम्लात रूपांतर करणारे जिवाणूही कोठीपोटात असतात. मेगास्फेरा एल्सडेनी हा त्यांतला महत्त्वाचा. अडचण अशी की त्यांची वाढ सावकाश होते आणि कडबा-गवतावर राहिलेल्या गायीत त्यांची संख्या अगदी थोडी असते. त्यांना जोम धरायला काही दिवस हवे असतात, आणि आपल्या गायीने त्यांना एक रात्रही दिली नाही. सामू आणखी उतरला की तंतू पचवणारे जिवाणू थंडावतात. प्रोटोझोआ एरवी स्टार्चचे कण गिळून ठेवतात आणि त्यामुळे आंबण्याचा वेग थोडा रोखला जातो, पण सामू ५ च्या जवळ गेला की तेही मरतात. शेवटी स्वतः स्ट्रेप्टोकोकसही टिकत नाही आणि आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू पोटाचा ताबा घेतात. तेही लॅक्टिक आम्लच बनवतात. म्हणजे घसरण सुरू झाली की एकेक थांबवणारा गळून पडतो आणि ढकलणारेच शिल्लक राहतात. हंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्येच मेंढ्यांवरील अभ्यासात जिवाणूंचा हा पालट मांडला होता.

पहाटेपर्यंत गोठ्यात जे दिसले त्याचे कारण पुढचे आहे. साखर आणि आम्ल यांनी कोठीपोटातील पाणी इतके दाट होते की ते रक्तातून पाणी ओढून घेते. म्हणून डाव्या भकाळीवर हात ठेवला की आत पाण्याचा डबडब आवाज येतो आणि त्याच वेळी गायीचे डोळे मात्र खोल जातात. जनावराच्या पोटात पाण्याचा साठा असताना त्याचे रक्त कोरडे पडत असते, हा या आजारातील मोठा विरोधाभास आहे. कोठीपोट एरवी मिनिटाला एक-दोनदा आकुंचन पावते. आम्ल वाढले की ते थांबते, म्हणून रवंथ बंद होते. काही लॅक्टिक आम्ल रक्तात जाते, आणि जिवाणूंनी बनवलेल्या लॅक्टिक आम्लाचा एक प्रकार गायीच्या शरीराला लवकर जाळता येत नाही, त्यामुळे रक्तही आम्लाकडे झुकते. गाय दारू प्यायल्यासारखी झोकांड्या देते, समोरच्या वस्तूला धडकते, पुढे बसते आणि मान पोटाकडे वळवते.

अशी बसलेली, नुकतीच व्यायलेली गाय पाहिली की गावात पहिला अंदाज दुधाच्या तापाचा, म्हणजे कॅल्शियम कमी झाल्याचा, केला जातो आणि कॅल्शियमची बाटली शोधली जाते. दुधाचा ताप बहुधा व्याल्यानंतरच्या तीन दिवसांत येतो आणि त्यात शेण थोडे व कोरडे असते. ॲसिडोसिसमध्ये शेण पातळ, फेसाळ, आंबट वासाचे आणि त्यात धान्याचे कण असतात. शंका असेल तर नळीने कोठीपोटातील थोडा द्रव काढून सामूच्या कागदावर टाकणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. निरोगी द्रव हिरवट-तपकिरी आणि थोडा चिकट असतो. आजारी गायीचा द्रव राखाडी, दुधाळ, पातळ आणि नाकात जाणारा आंबट असतो. नळीबरोबर लाळ आली तर सामू खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून पहिला थोडा द्रव टाकून द्यावा लागतो. सामू ५ च्या खाली, नाडी मिनिटाला शंभरच्या वर आणि गाय बसलेली, असे तिन्ही असतील तर औषधावर विसंबून राहू नये, पोट उघडून आतला माल काढण्याचा विचार त्याच तासात करावा लागतो. नाडी १२० ते १४० वर गेलेल्या गायी वाचण्याची शक्यता फार कमी असते.

आपल्या डॉक्टरांनी नळीने जे सोडले ते बहुधा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखे आम्ल मारणारे औषध असावे. ते मोठ्या गायीला वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम या हिशेबाने, दहाएक लिटर कोमट पाण्यात दिले जाते. सलाइन रक्तातील पाण्याची तूट भरण्यासाठी आणि वाढलेले आम्ल कमी करण्यासाठी असतात. यातले काहीही घरी बाटलीने पाजू नका. सुस्त जनावर गिळत नाही, औषध श्वासनळीत जाते आणि पोटाच्या आजारातून वाचलेली गाय फुप्फुसाच्या आजाराने जाते, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. गोडे तेल पाजण्याची जी पद्धत आहे ती फेसाच्या पोटफुगीसाठी आहे, या आजारात तिचा उपयोग नाही.

गाय सुटून भरड्याच्या पोत्यात तोंड घालताना सापडली, अजून लक्षणे नाहीत, अशा वेळी करण्यासारखे मात्र बरेच असते. उरलेले धान्य बाजूला घ्या, किती गेले याचा अंदाज लिहून ठेवा, समोर चांगला वाळलेला चारा टाका, दर तासाला थोडे फिरवा, पहिले १२ ते २४ तास पाणी मोकळे सोडू नका आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. पाण्याबाबतचा हा नियम फक्त अजून न आजारलेल्या जनावरासाठी आहे. डोळे खोल गेलेल्या गायीबाबत निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

शेजाऱ्याच्या गायींबद्दल आपण विचारले आहे. त्या तोच भरडा खातात, पण त्यांच्या पोटातील वस्ती त्या भरड्यावर वाढलेली आहे. स्टार्च हळूहळू वाढवला तर दोन-तीन आठवड्यांत लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंची संख्या त्या मानाने वाढते आणि आम्ल साचण्याआधीच ते वापरले जाते. भिंतीवरचे उंचवटेही धान्याच्या आम्लांनी लांब होतात आणि शोषणाची जागा वाढते, पण त्याला चार ते सहा आठवडे लागतात. याची उलट बाजू अशी की गाय भाकड काळात दोन महिने फक्त कडब्यावर राहिली की हे उंचवटे पुन्हा आखूड होतात आणि जिवाणूंची ती फौजही पांगते. व्याल्यानंतर दहाव्या दिवशी आपल्या गायीचे पोट बहुतांशी भाकड गायीचेच होते. मागच्या वेतात ती भरडा पचवत होती की नव्हती याला अर्थ उरत नाही. त्यातच या दिवसांत दूध झपाट्याने वाढते, मालकाला घाई होते, आणि म्हणून हे रुग्ण व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अधिक दिसतात.

शेजारी हा ५ किलो भरडा एकाच वेळी देतात की तीन वेळा वाटून, आधी चारा घालतात की आधी भरडा, हेही विचारून घ्या. आणि त्यांना ‘काही होत नाही’ हे विधान मी सहज मान्य करणार नाही. धान्य जास्त आणि चारा कमी असलेल्या गोठ्यात सामू दिवसातून अनेक तास साडेपाच-पावणेसहाच्या खाली राहतो आणि मग वर येतो. गाय पडत नाही, त्यामुळे त्याला कोणी आजार म्हणत नाही. तो दिसतो दूध संकलन केंद्राच्या पावतीवर. ॲसिटिक आम्ल कमी पडते, चरबी घडवण्याची क्रिया बिघडते आणि फॅट घसरते. माझ्याकडे आलेल्या एका आठ गायींच्या गोठ्यात फॅट तीन आठवड्यांत ३.८ वरून ३.१ वर आले होते आणि मालकाचा संशय केंद्रातील यंत्रावर होता. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्यामुळे वाढलेल्या दुधाचे पैसे कापलेल्या दरात निघून जात होते. गोठ्यात जाऊन पाहिले तर बसलेल्या सहा गायींपैकी दोनच रवंथ करत होत्या, कुट्टी अगदी बारीक होती, शेण एका गायीचे घट्ट तर दुसरीचे ढिले आणि फेसाळ होते. भरडा दीड किलोने कमी केला, कुट्टीची लांबी वाढवली आणि खुराक दोनाऐवजी तीन वेळा केला. फॅट सावरायला तीन आठवडे लागले. दोन गायी मात्र पुढे दोन महिन्यांनी लंगडल्या, कारण या आम्लामुळे खुराच्या आत झालेली इजा उशिरा बाहेर येते. फॅट घसरण्याला उन्हाळा आणि इतरही कारणे असतात हे खरे, म्हणून पावती, रवंथ आणि शेण ही तिन्ही एकत्र पाहावीत.

‘अचानक बदल’ म्हटले की लोकांना फक्त भरडा आठवतो. मका, गहू, तांदूळ यांत वेगाचा फरक आहे: ज्वारी-मका त्यातल्या त्यात सावकाश आंबतात, गहू वेगाने, आणि शिजवलेले अन्न सर्वांत वेगाने, कारण शिजल्यावर स्टार्च फुलून मोकळा झालेला असतो. लग्नातील उरलेला भात, बेकरीतील पाव, पोळ्याच्या दिवशी बैलांना भरभरून चारलेल्या पुरणपोळ्या, हे सगळे याच रांगेत बसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा फोन सकाळपासून वाजतो, हे कोणीही पशुवैद्य सांगेल. वर्षभर कडब्यावर राबणाऱ्या बैलाला एका दिवसात दहा-पंधरा पोळ्या चारण्यामागचे प्रेम समजते. त्याच्या पोटातील वस्तीला मात्र सण कळत नाही. घरच्या प्रत्येकाने एकेक घास द्यावा आणि तेवढ्यावर थांबावे. कणसांसह केलेल्या मक्याच्या मुरघासातही स्टार्च असतो, तोही एकदम न देता आठ-दहा दिवसांत वाढवावा.

आता भरडा पुन्हा सुरू करण्याविषयी. गाय पूर्वीसारखा चारा खाऊ लागली, रवंथ नियमित झाली आणि शेण सलग तीन दिवस बांधलेले आले की त्यानंतरच सुरुवात करा. त्याला आणखी आठवडा लागला तरी घाई करू नका. भूक परतत नसेल तर डॉक्टरांना निरोगी गायीच्या कोठीपोटातील ताजा द्रव नळीने देण्याविषयी विचारा. आठ-दहा लिटर द्रवातून संपूर्ण वस्तीचे बियाणे परत मिळते आणि माझ्या अनुभवात त्याचा उपयोग कोणत्याही पाचक पावडरीपेक्षा जास्त होतो.

सुरुवात भरड्याने न करता ओळखीच्या गोळी पेंडेने करा: दिवसाला १ किलो, दोन वेळा वाटून. नंतर दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा आणि मक्याचा भरडा त्यात तिसऱ्या आठवड्यापासून मिसळा, तोही रव्याहून जाड भरडलेला. कुठे थांबायचे ते दूध ठरवेल. शरीरपोषणाला दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम हा नेहमीचा हिशेब धरला तर १६ लिटरच्या गायीला सुमारे ८ किलो आंबोण, म्हणजे गोळी पेंड आणि भरडा मिळून, लागते. आपल्या गायीचे वजन ४५० किलोच्या आसपास असेल तर ती दिवसाला सुमारे १४ किलो कोरडा पदार्थ खाईल. ८ किलो आंबोणातून त्यातले ७ किलो गेले की उरलेले ७ किलो चाऱ्यातून यायलाच हवेत, म्हणजे साधारण २० किलो हिरवा मका किंवा नेपियर आणि साडेतीन किलो कडबा. यापेक्षा आंबोणाचा वाटा वाढवणे म्हणजे कड्यावरून चालणे आहे. हे ८ किलो तीन वेळा वाटले तर एका वेळी पावणेतीन किलोच्या आत राहते, आणि त्यातील मक्याचा भरडा दिवसभरात अडीच-तीन किलोच्या पुढे नेऊ नये. प्रत्येक वेळी आधी थोडी वैरण, मग आंबोण. १ किलोपासून ८ किलोपर्यंत जायला चार आठवडे लागतील. गाय तेव्हा १२ लिटरच देत असेल तर सव्वासहा किलोवरच थांबा. गेलेले दूध भरड्याने ओढून आणता येत नाही.

पुढच्या वेतासाठी हा चार आठवड्यांचा काळ व्याल्यानंतर न घालवता आधीच वापरता येतो. व्यायला तीन आठवडे उरले असताना अर्धा किलो आंबोण सुरू करा आणि हळूहळू दोन-अडीच किलोपर्यंत न्या. व्याल्यानंतर जे खाद्य द्यायचे आहे तेच या काळात द्यावे, म्हणजे वस्ती त्याला सरावलेली असते.

राहिला सोडा. रोज १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा आंबोणात मिसळून दिला तर चालतो, जास्त खुराकाच्या गायीला त्याचा थोडा आधारही होतो. पण वर सांगितल्याप्रमाणे गायीची लाळ रोज किलोच्या वर क्षार आणते. तीन तास रवंथ कमी झाली तर जो क्षार बुडतो तो या मूठभर सोड्याने जेमतेम भरून निघतो. एकदम ५ किलो भरडा देऊन त्याबरोबर सोडा दिला असता तर रविवारची रात्र टळली नसती. म्हणून सोडा वापरायचा असेल तर खुराक सावकाश वाढवताना वापरा, आणि वाढवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पावतीवरील फॅट व सकाळचे शेण पाहा. फॅट सलग तीन दिवस ०.३ ने उतरले किंवा शेणात फेस व दाणे दिसू लागले तर अर्धा किलो मागे या आणि पाच-सहा दिवस तेथेच थांबा.